मामाच्या फोनवर वादळाचा मेसेज आला तेव्हा शेतात कांदा पडला होता : पुढच्या दीड तासात नेमकं काय आणि कुठल्या क्रमानं करायचं

माझा मामा चांदवड तालुक्यात शेती करतो, एकरभर उन्हाळ कांदा दरवर्षी असतोच. एप्रिलमधली गोष्ट आहे. दुपारी एक पन्नासला जेवून बाजेवर पडला होता आणि फोन टुणकन वाजला. आता मामाच्या फोनवर दिवसाला पंधरा मेसेज येतात, लोनचे, रिचार्जचे, लॉटरीचे, त्यामुळे तो बघत नाही, त्या दिवशी बघितला कारण डोळ्यावर ऊन येत होतं आणि झोप लागत नव्हती एवढंच. मेसेज मराठीत होता, पुढील तीन तासांत नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस, ताशी 40 ते 50 किमी वेगाने वारे आणि गारपिटीची शक्यता.

बाहेर ऊन तर असं की डोळे उघडवत नव्हते. आभाळात उगवतीला दोन पांढरे ढग, बस.

त्या दीड तासात मामानं जे केलं ते मी नंतर त्याच्याकडून आणि मामीकडून नीट विचारून घेतलं, कारण त्यात दोन गोष्टी एकदम बरोबर होत्या आणि एक चुकली होती, आणि ज्यांचा कांदा काढणीला आलाय त्यांना ते कामाला येईल. म्हणून क्रमानं लिहितो.

आधी मेसेज नीट वाचा, घाईत शेताकडं पळू नका

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. हा जो तीन तासांचा इशारा असतो तो हवामान खात्याचा असतो, त्याला नाऊकास्ट म्हणतात, आणि ते तीन तास इशारा काढल्यापासून मोजायचे, तुम्ही मेसेज वाचल्यापासून नाही. मामाच्या मेसेजमधे वेळ दीडची होती आणि फोनवर आला एक पन्नासला, म्हणजे वीस मिनिटं वाटेतच गेली. रेंज नसली, टॉवर बंद असला की याहून जास्त जातात. साडेचारपर्यंतचा धोका आणि हातात किती वेळ आहे ते माहीत नाही, असा हिशोब धरायचा.

दुसरी गोष्ट तुरळक ठिकाणी हा शब्द. लोकांना वाटतं तुरळक म्हणजे हलकं. तसं नाहीये, तो शब्द पाऊस किती जोराचा ते सांगत नाही, किती जागी पडेल ते सांगतो. साधारण चार ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी किंवा त्याहून कमी, असा त्याचा अर्थ. त्याच्यावर काही ठिकाणी, मग बऱ्याच ठिकाणी आणि मग बहुतांश ठिकाणी. म्हणजे तुरळक ठिकाणी लिहिलं असलं तरी ज्याच्या वावरात पडणार त्याच्या वावरात तो धोधोसुद्धा पडू शकतो, शेजारच्या गावाला मात्र थेंब नाही. म्हणूनच दहा मेसेजपैकी सात वेळा आपल्याकडं काहीच होत नाही आणि माणूस म्हणतो ह्यांचं काय खरं असतंय. मेसेज सगळ्या जिल्ह्याला असतो आणि ढग दहा-बारा किलोमीटरचा असतो, दोष त्यात आहे, आणि त्याला इलाज पुढं सांगतो.

तिसरं म्हणजे रंग. बऱ्याचदा यलो, ऑरेंज, रेड असं लिहिलेलं असतं. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीला लागा, रेड म्हणजे आता करा. माझं मत विचाराल तर वावरात कापलेला माल असेल तर यलोलाही ऑरेंजच समजायचं, कारण झाकण्याचं काम अर्ध्या तासात होत नाही.

ढग आपल्याकडं येतोय का ते कसं कळणार

मामानं इथं जे केलं ते मला फार आवडलं. त्यानं अ‍ॅप उघडलं नाही, त्याच्या साडूला फोन लावला. साडूचं गाव पंचवीस किलोमीटरवर, ज्या बाजूला ते ढग दिसत होते त्याच बाजूला. साडू म्हणाला इकडं अजून काही नाही पण डोंगरामागं काळं झालंय. मामा म्हणाला, पडायला लागला की मिस कॉल दे. दोन पस्तीसला मिस कॉल आला.

आता गणित सोपं आहे. असे वळवाचे ढग साधारण ताशी वीस ते चाळीस किलोमीटरनं सरकतात. पंचवीस किलोमीटरचं अंतर म्हणजे लवकरात लवकर पस्तीस-चाळीस मिनिटं, उशिरात उशीर सव्वा तास. मामानं चाळीस मिनिटंच धरली, म्हणजे सव्वातीन. प्रत्यक्षात तीन पंचवीसला वारं सुटलं.

अर्थात ढग वाटेतच वळू शकतो किंवा विरून जातो किंवा आपल्याच डोक्यावर नवीन तयार होतो, त्यामुळं मिस कॉल आला नाही म्हणून निवांत बसायचं नाही. स्मार्टफोन असेल तर दामिनी अ‍ॅप ठेवा, ते पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं केलंय, आपल्या आसपास वीस आणि चाळीस किलोमीटरच्या घेऱ्यात वीज पडतेय का ते दाखवतं. लोकेशन आणि नेट दोन्ही चालू पाहिजे, नाहीतर ते मागचंच चित्र दाखवत बसतं, ही चूक खूप जण करतात.

पहिली वीस मिनिटं कांद्याची नाहीत

इथं मामीचं डोकं चाललं. मामा ताडपत्रीकडं पळत होता, मामी म्हणाली आधी जनावरं सोडा. दोन गाया आणि चार शेळ्या बांधावरच्या लिंबाखाली बांधलेल्या होत्या, साखळीनं.

झाडावर वीज पडली की ती नुसती झाडालाच लागते असं नाही. ती बुंध्यातून जमिनीत उतरते आणि जमिनीतून चहूबाजूला पसरते. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय लांब लांब असतात, दोन जागी जमिनीतला दाब वेगळा असतो, त्यामुळं करंट एका पायातून वर चढून छातीतून दुसऱ्या पायात उतरतो. एकाच झाडाखाली पाच-सहा जनावरं एकदम गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या यामुळं. माणसाचे पाय जवळ असतात म्हणून धोका थोडा कमी, पण झाडावरून अंगावर उडी मारते ती वेगळीच. म्हणून झाड नाही म्हणजे नाही, आडोसा म्हणूनसुद्धा नाही.

मामाच्या पोरानं गाया गोठ्यात नेल्या आणि शेळ्या घराच्या पडवीत. गोठा पत्र्याचा आहे, तो काय विजेपासून शंभर टक्के सुरक्षित नाही, पण उघड्या झाडापेक्षा बरा, फक्त लोखंडी खांबाला साखळीनं बांधू नका, दोरीनं बांधा आणि खांबापासून लांब. आणि पत्र्यावर आधीच मातीच्या गोण्या टाकून ठेवलेल्या असाव्यात, ऐनवेळी वर चढायचं नाही.

मग विहिरीवरची मोटर. इथं एक बारीक गोष्ट आहे, नुसतं लाईट गेली म्हणून समाधान मानू नका, बहुतेकांच्या स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असतो, रात्री लाईट आली की मोटर आपोआप चालू होण्यासाठी. वादळात लाईट ये-जा करते, एक फेज जाते, आणि ऑटोनं मोटर चालू होऊन जळते. ऑटो बंद, मग मेन स्विच खाली. हे कडकडाट सुरू व्हायच्या आधी, नंतर स्टार्टरच्या पेटीला हातही लावायचा नाही. तारेचं कुंपण आणि द्राक्षाच्या मांडवाच्या तारा यांनाही हाच नियम.

या सगळ्याला वीस मिनिटं लागली, आणि ती एकट्या पोरानं केली, तोपर्यंत बाकीचे चौघं कांद्याला लागले होते.

कांद्यात आधी कुठला वाचवायचा

हा खरा विषय. मामाचा कांदा अंदाजे एकशे दहा क्विंटल होता, आणि तो दोन अवस्थेत होता. अर्धा काढून पातीसकट वावरात पसरलेला, एका ओळीच्या पातीखाली दुसऱ्या ओळीचा कांदा झाकेल असा. उरलेल्या अर्ध्याची पात कापून झालेली, म्हणजे पंचावन्न क्विंटल, त्यातला तीस क्विंटल एका जागी पोळ घातलेला, म्हणजे एकच लांबट ढीग लावलेला, आणि पंचवीस क्विंटल वावरभर छोट्या छोट्या ढिगात.

मजुरीच्या दोन बाया होत्या, त्या पातीच्या कांद्याकडं निघाल्या, कारण तो नुसता उघडा पसरलेला दिसत होता, बघणाऱ्याला त्याचीच कीव येते. मामानं त्यांना थांबवलं. ह्याच्यात त्याचा तीस वर्षांचा अनुभव आहे असं मी म्हणेन, कारण मीसुद्धा तीच चूक केली असती.

कापलेल्या कांद्याची मान उघडी असते. ती अजून सुकलेली नसते, तिच्यातून पाणी थेट आत पापुद्र्यांमधे जातं आणि पंधरा दिवसांनी चाळीत तो कांदा मानेपासून सडायला लागतो, आणि एक सडला की शेजारचे दहा घेऊन जातो. पातीसकट असलेल्या कांद्याची मान बंद असते, वर पातीचं पांघरूण असतं, अर्धा तास पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी ऊन आलं तर तो बराचसा वाचतो. म्हणून वेळ कमी असेल तर पातीचा कांदा तसाच सोडायचा आणि सगळे हात कापलेल्यावर. आणि मेसेज आल्यावर पात कापणं लगेच बंद, एकही कांदा अजून कापायचा नाही. बाया म्हणाल्या थोडंच राहिलंय उरकून घेतो, नाही म्हणजे नाही.

पंचवीस क्विंटल म्हणजे पंचवीस किलोचे शंभर क्रेट. चार माणसांनी वाटून घेतले, प्रत्येकी पंचवीस खेपा, मोठ्या पोळीला आणून जोडले. दोन दहाला सुरू केलं, तीनला संपलं. ह्याच्यापेक्षा जास्त माल विखुरलेला असता तर झालं नसतं, म्हणून संध्याकाळी घरी जाताना छोटे ढीग एका लाईनीत आणून ठेवायची सवय लावा, एप्रिल-मेमधे तरी.

पोळ झाकायची पद्धत

पंचावन्न क्विंटलची पोळ साधारण सहा फूट रुंद, मधे अडीच फूट उंच अशी घातली तर पंचेचाळीस-पन्नास फूट लांब होते. तिला तीस बाय पंधराच्या दोन ताडपत्र्या लागतात, मधे पाच फूट एकमेकींवर चढवून. पोळीच्या अंगावरून जायला आठ फूट लागतात, उरलेले सात फूट म्हणजे दोन्ही बाजूला साडेतीन फूट जमिनीवर पसरायला राहतात, आणि ते पाहिजेतच, कारण दाब तिथंच द्यायचा असतो. दहा फुटाची ताडपत्री आणून लोक कडा जेमतेम टेकवतात आणि मग वारं आत शिरलं की सगळी फुग्यासारखी उडते.

पोळ नेहमी उताराच्या दिशेनं लांब घालायची, आडवी नाही, आडवी घातली की वरचं सगळं पाणी तिलाच अडतं आणि खालचा थर भिजतो, वरून कितीही झाका. वरच्या टोकाला कुदळीनं वीतभर खोल चर मारून पाणी बाजूला काढायचं. दोन ताडपत्र्यांचा सांधा असतो तिथं वाऱ्याच्या बाजूची ताडपत्री वर आली पाहिजे, उलटं केलं तर वारं सांध्यात घुसतं.

आता दाब. पोळीच्या माथ्यावर दगड ठेवू नका, खालचा कांदा दबतो आणि दबलेला कांदा डाग पडून सडतो. वरून आडव्या दोऱ्या घ्यायच्या (जुन्या साड्यांच्या पट्ट्या चालतात, मामीकडं त्याचं बोचकंच आहे) आणि दोन्ही कडांवर सलग माती ओढायची. सुटे दगड चार-चार फुटांवर ठेवले की मधल्या फटीतून वारं उचलतं. सलग माती, हेच पाहिजे.

आणि इथं थांबायचं

तीन वीसला लांबून गुडगुडलं. तीन बाजू मातीनं दाबून झाल्या होत्या, मावळतीच्या टोकाची एक कड राहिली होती, पाच मिनिटांचं काम.

ढगात चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तीननं भागायचे, तेवढे किलोमीटर. मामाच्या पोरानं मोजले, चोवीस. म्हणजे आठ किलोमीटर. आठ म्हणजे लांब आहे असं वाटतं ना, पण वीज ढगाच्या पुढं आठ-दहा किलोमीटरवरसुद्धा पडते, डोक्यावर ऊन असताना. आवाज कानावर आला म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात, एवढाच नियम लक्षात ठेवा. उघड्या वावरात, हातात लोखंडी कुदळ, आजूबाजूला सगळं सपाट.

मामा म्हणाला पाच मिनिटं. मामी म्हणाली नाही, आणि बायांना घेऊन घराकडं निघाली. मामा चिडला पण आला. घर सिमेंटचं आहे, ते चांगलं. जवळ घर नसेल तर काचा बंद केलेली चारचाकी चालते, टपावर लोखंड पाहिजे. बिनकेबिनचा ट्रॅक्टर चालत नाही, वावरातलं पत्र्याचं खोपटं चालत नाही. अगदीच कुठं जाता आलं नाही तर खोलगट जागा बघून पाय एकमेकांना चिकटवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही, आणि चार माणसं असतील तर एकमेकांपासून लांब लांब. हा शेवटचा उपाय आहे, ह्याच्या भरवशावर वावरात थांबायचं नसतं.

तीन पंचवीसला गार वारं सुटलं, धुरळा उठला. गरम दुपारी अचानक गार झुळूक आली की समजायचं ढगातली थंड हवा खाली कोसळून पुढं पळतेय, त्याच्यामागं पाच-पंधरा मिनिटांत पाऊस असतोच. मग पस्तीस मिनिटं पाऊस, त्यात पाच मिनिटं बोराएवढ्या गारा.

शेवटचा गडगडाट चार दहाला ऐकू आला. त्याच्यानंतर अर्धा तास घरातच. मामाचा जीव पोळीत अडकलेला, पण मामीनं दाराची कडी लावली होती, चार चाळीसला काढली.

नंतरचे तीन दिवस, आणि काय चुकलं

मावळतीचं टोक उघडं पडलं होतं, ताडपत्री दुमडून वर आली होती आणि दोन-तीन क्विंटल कांदा भिजला होता. बाकी पोळ कोरडी. चुकलं काय, तर पाच मिनिटं कमी पडली हे नाही. त्यांनी दाब द्यायला सुरुवात उगवतीकडून केली कारण माती तिकडं मोकळी होती. ढग उगवतीकडून येतोय हे बरोबर, पण पुढं वारं फिरलं आणि मावळतीचं टोक सापडलं. दोन्ही टोकं आधी दाबायची, लांब बाजू नंतर. टोकातून वारं शिरलं की सगळी ताडपत्री जाते, बाजूनं शिरलं तर थोडी उचलते.

पाऊस थांबला की ताडपत्री तशीच ठेवून झोपू नका. ओली गार हवा खाली कोंडते, कांद्याला घाम सुटतो आणि रात्रीत आत वाफ धरते. मामानं संध्याकाळीच कडा वर केल्या आणि सकाळी पूर्ण काढली. भिजलेला दोन-तीन क्विंटल वेगळा काढून शेडमधे एकेरी थरात पसरला. तो चाळीत गेला नाही, आठवड्यात उमराण्याच्या बाजारात नेला, भाव कमी मिळाला पण मिळाला.

पातीच्या कांद्याला पाऊस फार बाधला नाही, गारा बाधल्या. वरच्या थरातल्या कांद्यांवर पांढुरके ठोसे पडले होते. असा मार लागलेला कांदा आज चांगला दिसतो आणि तीन आठवड्यांनी काळा पडतो, त्यामुळं तो निवडून लगेच विकायचा. बाकीच्याची पात तीन दिवस ऊन दिल्यावर कापली. मान दोन बोटांत धरून पिळायची, आत निसरडं लागलं तर अजून ओली आहे, कोरडी कागदासारखी लागली की कापायची, आणि कापताना इंचभर ते दीड इंच मान ठेवायची.

नुकसान झालं असेल तर माल हलवायच्या आधी फोटो काढा, लोकेशन चालू ठेवून, आणि तलाठ्याला त्याच दिवशी कळवा, पंचनाम्याच्या वेळी वावर साफ झालेलं असेल तर काय दाखवणार. वीज पडून जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरायचं नाही, कागद तिथंच अडतात.

फोनमधे आत्ताच करून ठेवायच्या गोष्टी

मामाला मेसेज दिसला तो नशिबानं, असं नशिबावर सोडणं मला काही पटत नाही. म्हणून पुढच्या रविवारी जाऊन त्याच्या फोनमधे तीन कामं केली.

साधा मेसेज लोनच्या मेसेजसारखाच वाजतो. पण सरकार टॉवरवरून थेट सगळ्या फोनना पाठवतं तो आपत्तीचा अलर्ट वेगळा असतो, मोठा भोंगा वाजतो आणि स्क्रीनवर चौकट येते, 2023 मधे त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा अनेकजण दचकले होते. तो येण्यासाठी सेटिंगमधे Wireless emergency alerts शोधून सगळी बटणं चालू आहेत का बघा. दचकून बऱ्याच जणांनी ती तेव्हाच बंद करून टाकलीत. फोन बंद किंवा फ्लाईट मोडमधे असेल तर काहीच येणार नाही.

दुसरं, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं सचेत अ‍ॅप टाकलं, त्यात आपला जिल्हा निवडला. दामिनी पण टाकलं. ही अ‍ॅप बॅटरी वाचवायच्या सेटिंगमुळं झोपी जातात, तिथं जाऊन त्यांना सूट द्यावी लागते, हे कोणी सांगत नाही. काढणीचा दिवस ठरवायला मेघदूत बरं, त्यात पाच दिवसांचा अंदाज आणि मंगळवार-शुक्रवारी शेतीचा सल्ला येतो, पण ते आठवड्याचं नियोजन झालं.

तिसरं काम फोनमधलं नाही. मामीनं दोन्ही ताडपत्र्या, साड्यांच्या पट्ट्या आणि कुदळ वावरातल्या खोपटात आणून ठेवल्या, घरातल्या माळ्यावरून उतरवायलाच त्या दिवशी बारा मिनिटं गेली होती. आणि साडूच्या नंबरला वेगळी रिंगटोन लावली, कुठली ते विचारू नका, वाजली की शेजारची शेळी ओरडते.